खोकला थांबला, टीबी नाही

‘डाक्टर बी ह्याच गोया देते, मंग त्याले पैसे कायले द्यायचे?’ सोनाळा भागात हा सवाल इतक्यांदा कानावर येतो की आता चिडचिड होते. विचारणाऱ्याची अडचण खरी आहे. डॉक्टरची फी आणि बुडालेली मजुरी, दोन्ही खिशातून जातात. मेडिकलवाला ओळखीचा, वेळेला उधारीही देणारा. पण ‘ह्याच गोळ्या’ हे चूक आहे.

समजा, तीन आठवडे खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप आहे. मेडिकलवाला पुडी बांधतो: लिव्होफ्लॉक्सासिन आणि ‘ताकदी’ची म्हणून स्टेरॉइडची गोळी. चार दिवसांत ताप उतरतो, भूक लागते. औषध लागू पडलं म्हणून माणूस कामावर जातो. पण आजार टीबीचा असेल, तर लिव्होफ्लॉक्सासिनने त्याचे काही जंतू मेले, सगळे नाही. आता बेडका तपासला तरी जंतू कमी असल्याने टीबी निसटू शकतो. उरलेले जंतू या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि बिघडलेल्या टीबीवर नेमकं हेच औषध राखून ठेवलेलं असतं. स्टेरॉइड ताप दाबतं, सोबत शरीराची लढण्याची ताकदही. तोवर घरातली पोरं त्याच हवेत झोपतात.

ही नुसती शंका नाही. मुंबई, दिल्ली आणि पाटण्यातल्या मेडिकल दुकानांत संशोधकांनी बनावट रुग्ण पाठवले. अभ्यास 2016 साली ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये आला. नुसती टीबीची लक्षणं सांगितली, तेव्हा सुमारे 13 टक्के वेळाच रुग्णाला अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड न देता डॉक्टरकडे पाठवलं गेलं. हातात टीबीचा तपासणी अहवाल दिला, तेव्हा हेच प्रमाण 62 टक्क्यांवर गेलं. निदान झालेलं असलं की दुकानदार बरेचदा बरोबर वागतो. निदान मात्र त्याच्याकडे होत नाही, आणि डॉक्टरची फी त्या निदानाचीच असते.

पैशांचं म्हणाल, तर 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. टीबीची तपासणी आणि औषधं आधीपासूनच फुकट आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना 1,000 रुपयेही मिळतात. दोन आठवड्यांवर खोकला गेला, की मेडिकलवाल्याने पुडी न बांधता आरोग्य केंद्राकडे बोट दाखवावं. गरिबाला खरी मदत तीच.

आता बाकीचे गैरसमज.

‘पाकिटावरची लाल रेघ म्हणजे औषध जोरदार.’ नाही, ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हा इशारा आहे.

‘जुनी चिठ्ठी कायम चालते.’ पुन्हा औषध द्यावं असं डॉक्टरने लिहिलं नसेल, तर एकदाच.

‘नोंद ठेवायची ती फक्त झोपेच्या गोळ्यांची.’ लिव्होफ्लॉक्सासिनसारखी ‘एच-1’ यादीतली अँटिबायोटिकंही त्यात येतात. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं.

‘मग तापाची गोळीही मिळायची नाही.’ साध्या पॅरासिटामॉलला चिठ्ठी लागत नाही.