चार दिवस उशिरा

मावशीचा वाढदिवस मंगळवारी होता आणि भाचीला तो शनिवारी आठवला. ती घाईघाईने लिहायला बसते: ‘मावशी, मला खरंच माफ कर गं. ऑफिसात मार्चएंड, त्यात मुलांच्या परीक्षा. इतकी लाज वाटतेय! विसरले असं नाही, पण डोक्यातून निघूनच गेलं. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’

या मजकुरात वाढदिवस आहे तो शेवटच्या ओळीत. त्याआधी सगळी भाचीचीच कहाणी. वाचून मावशीला लिहावं लागणार, ‘असू दे गं, कामाची दगदग करू नकोस.’ म्हणजे वाढदिवस तिचा आणि समजूतही तिनेच काढायची. कारणं जितकी वाढतात, तितकी माफी जड होते. शिवाय प्रत्येक कारणातून ‘तुझ्यापेक्षा हे महत्त्वाचं होतं’ असंही ऐकू येतं.

उलट करून पाहू. शुभेच्छा आधी, माफी एका वाक्यात, कारण नाही. मग मावशीपुरतंच काहीतरी: ‘मावशी, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! चार दिवस उशीर झाला, चूक माझीच. गुडघा आता कसा आहे? उद्या संध्याकाळी येते, श्रीखंड माझ्याकडून.’ हलकेपणा विनोदातून येतो असं नाही, तो आटोपशीरपणातून येतो. गुडघ्याची चौकशी तर मावशीशिवाय कुणालाच करता येणार नाही, त्यामुळे हा निरोप फुलांच्या तयार चित्रासारखा वाटत नाही. मात्र श्रीखंड कबूल केलं असेल तर उद्या जायलाच हवं. आणि हे घरच्या ग्रुपवर टाकू नये, तिथे मंगळवारच्या शुभेच्छांखाली आपला उशीर सगळ्यांना दिसतो.

विनोद करायचाच असेल तर आपल्याकडे एक तयार आहे: ‘तारखेने झाला, तिथीने अजून व्हायचाय ना?’ तिथीने औक्षण करणाऱ्या घरात हे खपतं, पण आधी कालनिर्णय उघडावं. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्याने तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते आणि मध्ये अधिक महिना आला की पुढे जाते. त्यामुळे कधी ती तारखेच्या आधीच होऊन गेलेली असते. दर १९ वर्षांनी तर तिथी आणि तारीख जवळजवळ एकाच दिवशी येतात. मावशीला ५७ पूर्ण झाली असतील, तर हा विनोद आपल्यावरच उलटण्याची शक्यता मोठी.

साठी, पंचाहत्तरी, किंवा काका गेल्यानंतरचा मावशीचा पहिला वाढदिवस विसरला असेल, तर हलकं काही लिहूच नये. तिथे फोन करावा, आणि ती रागावली तर ऐकून घ्यावं.