आधी चौकट, मग अंतर

नकाशावाचनाच्या तासाला एखादी जागा शोधायची असेल, तर कॅडेट सगळ्या नकाशावर मोजपट्टी फिरवत बसत नाही. चार अंकी ग्रिड संदर्भावरून तो आधी योग्य चौकोन गाठतो आणि नेमकी जागा त्या चौकोनातच शोधतो. हजारो दुकानांतून जवळची दुकाने काढणाऱ्या संगणक प्रोग्रामलाही हेच करावे लागते. फरक इतकाच की नकाशावरचे चौकोन आयते छापलेले असतात, प्रोग्रामला मात्र आपला चौकोन स्वतः आखावा लागतो. तो आखताना एक छोटीशी गोष्ट राहिली, तर जवळची दुकाने यादीतून गुपचूप गळतात.

एक उदाहरण घेऊ. समजा आपल्याकडे उत्तराखंडातील २०,००० दुकानांची यादी आहे आणि प्रत्येकाचा अक्षांश व रेखांश नोंदलेला आहे. आपण डेहराडून शहरात ३०.३२ अंश उत्तर, ७८.०४ अंश पूर्व या बिंदूवर उभे आहोत आणि ५ किलोमीटरच्या आतली दुकाने हवी आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन बिंदूंमधले अंतर काढायला हॅव्हरसाइन सूत्र वापरतात:

```
a = sin²(Δφ/2) + cos φ1 · cos φ2 · sin²(Δλ/2)
d = 2 · 6371 · asin(√a)
```

यात `φ` म्हणजे अक्षांश, `λ` म्हणजे रेखांश आणि ६३७१ ही पृथ्वीची सरासरी त्रिज्या किलोमीटरमध्ये. ‘हॅव्हरसाइन’ हे नाव जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये नौकानयनावरच्या आपल्या पुस्तकात रूढ केले. खलाशांना हे सूत्र सोयीचे होते, कारण लहान अंतरांसाठीही त्यात अचूकता टिकते. मात्र एका दुकानासाठी त्यात साइन, कोसाइन, वर्गमूळ असे बरेच गणित आहे. प्रत्येक शोधाला ते २०,००० वेळा करायचे आणि एकाच वेळी शेकडो जण शोधत असतील तर तितक्या पटीने करायचे, हा निव्वळ अपव्यय आहे. हरिद्वारचे दुकान ५ किलोमीटरमध्ये बसत नाही, हे कळायला साइन-कोसाइन कशाला हवे?

म्हणून आपल्या बिंदूभोवती एक चौकट आखायची. उत्तर-दक्षिण दिशेने १ अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, आणि हे माप सगळीकडे जवळपास सारखेच असते. म्हणजे ५ किलोमीटर म्हणजे साधारण ०.०४५ अंश. पूर्व-पश्चिम दिशेने मात्र तसे नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे १ अंश रेखांशाची लांबी अक्षांशाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटते. ३०.३२ अंशाचा कोसाइन ०.८६३ आहे, म्हणून डेहराडूनला १ अंश रेखांश फक्त ९६ किलोमीटरचा भरतो. तेच ५ किलोमीटर पूर्वेकडे मोजायचे तर ०.०४५ भागिले ०.८६३, म्हणजे सुमारे ०.०५२१ अंश लागतात. चौकटीच्या चारही बाजू मिळाल्या:

```sql
SELECT id, name, lat, lon FROM shops
WHERE lat BETWEEN 30.2750 AND 30.3650
  AND lon BETWEEN 77.9879 AND 78.0921;
```

इथे फक्त लहान-मोठे तपासायचे आहे, त्यामुळे काम झटपट होते. शिवाय अक्षांशाच्या रकान्यावर इंडेक्स केलेला असेल, तर डेटाबेस २०,००० नोंदी पाहतही नाही. शब्दकोशात ‘म’ अक्षर उघडावे तसा तो थेट ३०.२७५ पाशी पोहोचतो आणि ३०.३६५ ला थांबतो. अट थेट हॅव्हरसाइनवर घातली, तर हा फायदा मिळत नाही, कारण अंतर आधीपासून क्रमाने लावून ठेवता येत नाही. ते प्रत्येक बिंदूपासून वेगळे असते.

आता चुकीकडे वळू. कोसाइनने भागायचे राहिले आणि दोन्ही दिशांना ०.०४५ अंशच घेतले, तर चौकट पूर्व-पश्चिम दिशेने ४.३ किलोमीटरवरच संपते. रेखांश ७८.०९ वर, सरळ पूर्वेला असलेले दुकान आपल्यापासून ४.८ किलोमीटरवर आहे. ते यादीत यायलाच हवे, पण चौकट त्याला बाहेर ठेवते. कुठलीही त्रुटीची सूचना येत नाही, यादी नीटनेटकी दिसते. प्रोग्राम कन्याकुमारीला तपासला असता, तर ही चूक सहसा लक्षातही आली नसती. तिथे कोसाइन ०.९९ असल्याने चौकट जेमतेम ५० मीटरने कमी पडते. लेहला मात्र ती ८०० मीटरपेक्षा जास्त आखडते. म्हणून नियम असा: चौकट नेहमी वर्तुळापेक्षा किंचित मोठीच ठेवायची आणि आकडे पूर्णांकित करायचे ते बाहेरच्या बाजूला. जास्तीचे दुकान आत आले तर पुढची पायरी त्याला गाळते, पण बाहेर राहिलेले दुकान पुन्हा कोणीही शोधत नाही.

ती पुढची पायरी म्हणजे हॅव्हरसाइन. चौकट आणि तिच्या आतले वर्तुळ सारखे नसतात, चार कोपरे उरतात. दुकाने समान पसरलेली असतील, तर चौकटीतल्या दर शंभरांपैकी साधारण २१ या कोपऱ्यांत सापडतील. उदाहरणार्थ ३०.३६, ७८.०८५ हा बिंदू चौकटीत आहे, पण सूत्राने मोजले तर तो ६.२ किलोमीटरवर निघतो. म्हणून चौकटीत उरलेल्या दुकानांचे अंतर सूत्राने काढायचे, ५ किलोमीटरपलीकडची वगळायची आणि उरलेली जवळून दूर अशा क्रमाने लावायची.

ही पायरी ‘सर्वांत जवळचे’ दुकान हवे असताना जास्त महत्त्वाची ठरते. समजा चौकटीत एकच दुकान सापडले आणि ते कोपऱ्यातले, ६.२ किलोमीटरवरचे आहे. तेच सर्वांत जवळचे म्हणून जाहीर करावेसे वाटते. पण सरळ उत्तरेला साडेपाच किलोमीटरवर दुसरे दुकान असू शकते. ते चौकटीच्या बाहेर असल्याने आपल्याला दिसलेलेच नाही. चौकट खात्री देते ती फक्त ५ किलोमीटरच्या आतली. म्हणून तीन दुकाने हवी असतील आणि ५ किलोमीटरच्या आत तीन भरली नाहीत, तर त्रिज्या दुप्पट करून नवी चौकट आखायची आणि पुन्हा शोधायचे.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. १८० अंश रेखांशाजवळ, जसे फिजी बेटांवर, चौकट रेषा ओलांडते आणि तिचे दोन तुकडे करावे लागतात. भारतात हा प्रश्न येत नाही. पृथ्वी अगदी गोल नसल्याने हॅव्हरसाइनमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे ५ किलोमीटरला फार तर २५ मीटर. शिवाय हे अंतर सरळ रेषेतले असते. मध्ये नदीचे पात्र आडवे आले, तर रस्त्याने ते दुप्पटही होईल.

आपली चौकट बरोबर आहे का, हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. वीस-पंचवीस वेगवेगळे बिंदू घ्या आणि प्रत्येकासाठी एकदा चौकट लावून, एकदा सर्व २०,००० दुकानांवर सूत्र चालवून यादी काढा. दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एखादे दुकान फक्त दुसऱ्या यादीत असेल, तर ते कोणत्या दिशेला आहे ते पाहा. ते पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल, तर कोसाइन कुठे राहिला ते शोधा.