एक पाठ, दोन प्रकारचे प्रश्न

एकाच पाठावर दोन तऱ्हेचे प्रश्न काढता येतात. झटपट फेरीतल्या प्रश्नाचे उत्तर काही सेकंदांत येते आणि ते बरोबर की चूक हे लगेच सांगता येते. चर्चेच्या प्रश्नाला मात्र दोन किंवा अधिक उत्तरे असू शकतात आणि त्यांचा कस कारणांवर लागतो. पुरंदरच्या तहाचा पाठ घेतला की हा फरक स्पष्ट दिसतो.

झटपट प्रश्नाचे उत्तर एकच आणि वादातीत असावे लागते. ‘पुरंदरच्या तहात मोगलांना किती किल्ले द्यावे लागले?’ या प्रश्नाला 23 हेच उत्तर आहे. ‘शिवाजी महाराजांनी किल्ले का दिले?’ हा प्रश्न मात्र या फेरीत चालत नाही. त्यावर पाच मुले पाच कारणे सांगतात, सगळीच थोडीथोडी बरोबर असतात आणि गुण कोणाला द्यायचे यावरून गोंधळ होतो. प्रश्न एका दमात वाचून होईल इतका लहान असावा आणि त्यात एकच गोष्ट विचारावी. ‘तह कधी झाला?’ असे मोघम विचारले तर कोणी वर्ष सांगतो, कोणी तारीख. ‘कोणत्या वर्षी?’ असे विचारल्यास 1665 एवढेच उत्तर उरते. कोणकोणती उत्तरे ग्राह्य धरायची हेही आधीच लिहून ठेवावे. ‘मिर्झाराजे’, ‘जयसिंग’ आणि ‘मिर्झाराजे जयसिंह’ ही तिन्ही उत्तरे बरोबर मानायची, हे ऐनवेळी ठरवू नये.

पर्याय द्यायचे असतील तर चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या गोंधळातून निवडावेत. ‘पुरंदरला वेढा घालणारा मोगल सरदार कोण?’ या प्रश्नाला दिलेरखानाबरोबर शायिस्ताखान आणि अफजलखान हे पर्याय ठेवता येतात. शायिस्ताखान निवडणारी मुले 1663 चा लाल महालावरील छापा आणि 1665 ची मोहीम यांत गल्लत करत आहेत, हे शिक्षकाला कळते. अफजलखान निवडणाऱ्यांना तो विजापूरकरांचा सरदार होता हेच आठवत नाही. कोणत्याच मुलाला खरा वाटणार नाही असा पर्याय केवळ जागा अडवतो.

या प्रकाराची मोठी उणीव म्हणजे उत्तर ओरडून द्यायला सांगितले की तीच चार-पाच चपळ मुले बोलतात आणि उरलेल्या वर्गाला काय येते ते कळत नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचे आणि खूण होताच एकदम पाट्या वर करायच्या. मग निम्मा वर्ग कुठे अडला आहे हे एका नजरेत दिसते.

चर्चेचा प्रश्न काढणे अधिक अवघड असते. ‘तह झाला नसता तर?’ हा प्रश्न फार सैल आहे. मुले पाठ सोडून कल्पनेत शिरतात. त्याऐवजी असा प्रश्न देता येतो: ‘शेजारचा वज्रगड पडला आहे, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले आहेत. पुरंदर लढवत राहावे की तह करावा? पाठातील दोन आधार द्या.’ येथे दोन्ही बाजू मांडता येतात. लढाईच्या बाजूने किल्ल्याची चिवट झुंज पुढे करता येते. तहाच्या बाजूने वेढ्यात सापडलेली माणसे आणि हाती राहिलेले 12 किल्ले दाखवता येतात. 1670 मध्ये सिंहगडासह किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली, हे नंतरच्या घटनांचे ज्ञान आहे. निर्णय घेतेवेळी ते कोणालाच नव्हते, हा मुद्दा चर्चेतच पुढे आणता येतो.

प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर मागू नये. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांचे निरीक्षण करून दाखवले, की शिक्षक सहसा जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यास उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येतात. म्हणून आधी दोन मिनिटे वहीत लिहायला द्यावीत, मग शेजाऱ्याशी बोलायला, मग सगळ्या वर्गापुढे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पाच-पाच जणांचे गट करावे लागतात. पहिल्या मिनिटातच सगळा वर्ग एका उत्तरावर आला, तर प्रश्न चर्चेचा नव्हताच असे समजावे. ‘मला वाटतं’ पलीकडे कोणीच आधार देत नसेल, तर पाठ पक्का झालेला नाही.

यावरून कोणता प्रश्न कधी, हेही ठरते. नावे, वर्षे, क्रम मनात बसले आहेत का हे पाहायला आणि आठवड्याभराने उजळणीला झटपट फेरी योग्य. निर्णय, कारणमीमांसा आणि वेगवेगळे दृष्टिकोन असलेल्या पाठाला चर्चा हवी. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते यासारख्या निव्वळ माहितीवर चर्चा रेटू नये. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत दोन्ही बसवायचे असल्यास पहिली पाच मिनिटे फेरीला आणि पुढची वीस चर्चेला द्यावीत, कारण घटना माहीत असल्याशिवाय त्यांवर वाद घालता येत नाही. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपले मत आणि त्याचा आधार वहीत लिहावा. चर्चेला गुण द्यायचेच असतील तर ते मत कोणते आहे यावर नव्हे, तर या आधारावर द्यावेत.