थेंब फुटला की पाणी किती गार होते?

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि प्रवेशपरीक्षांच्या सरावात एक प्रश्न हटकून भेटतो. द्रवाचा मोठा थेंब फुटून त्याचे असंख्य बारीक थेंब झाले, तर किती ऊर्जा शोषली गेली आणि तापमान किती उतरले? सूत्रात आकडे घातले की उत्तर येते आणि मुले पुढच्या गणिताकडे वळतात. पण या छोट्या उत्तरामागे एक प्रश्न शिल्लक राहतो: ती ऊर्जा दिली कोणी?

आधी गणितच करू. पावसाचा एक टपोरा थेंब घेऊ, चार मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे त्रिज्या दोन मिलिमीटर. त्याचे वजन साधारण ३३.५ मिलिग्रॅम भरते. हा थेंब फोडून प्रत्येकी एक मायक्रॉन त्रिज्येचे, म्हणजे धुक्यातल्या थेंबांहूनही बारीक थेंब करायचे आहेत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणून त्रिज्या दोन हजार पटींनी घटली. पाणी तेवढेच राहिले पाहिजे आणि आकारमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलते. त्यामुळे थेंबांची संख्या दोन हजारांचा घन, म्हणजे ८०० कोटी होते.

आता पृष्ठभाग पाहू. मूळ थेंबाचा पृष्ठभाग जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर होता. ८०० कोटी थेंबांचा मिळून तो सुमारे १,००० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे ३२ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाएवढा. चूक होते ती बहुधा इथेच. थेंब ८०० कोटी झाले म्हणून पृष्ठभागही ८०० कोटी पट वाढला, असे धरले जाते. प्रत्यक्षात तो वाढतो संख्येच्या घनमुळाएवढा, म्हणजे दोन हजार पट. हजार थेंब केले तर दहा पट, सत्तावीस केले तर तिप्पट. आपले उत्तर या पडताळणीत बसत नसेल, तर मागे जाऊन आकडेमोड तपासावी.

पृष्ठभाग वाढवायला ऊर्जा का लागते? पाण्याच्या पोटातल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात आणि ते त्याला धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या अंगाला कोणी नसते. आतला रेणू वर आणायचा म्हणजे त्याचे काही शेजाऱ्यांशी असलेले बंध तोडायचे, आणि त्याची किंमत मोजावीच लागते. २५ अंश सेल्सिअसला पाण्याच्या बाबतीत ही किंमत दर चौरस मीटरला ०.०७२ ज्यूल आहे. यालाच आपण पृष्ठताण म्हणतो. आपला पृष्ठभाग चौरस मीटरच्या दहाव्या भागाइतका वाढला, म्हणून लागलेली ऊर्जा ०.००७२ ज्यूल, म्हणजेच ७.२ मिलिज्यूल.

एवढ्या पाण्याचे तापमान एका अंशाने बदलायला १४० मिलिज्यूल लागतात. तेव्हा सगळी ऊर्जा पाण्यानेच स्वतःच्या उष्णतेतून दिली असे मानले, तर तापमान ०.०५ अंशाने उतरेल. थेंबाचे ८०० कोटी तुकडे केल्यावर एका अंशाचा विसावा भाग! पाण्याऐवजी पारा घेतला, तर हाच आकडा पाऊण अंशापर्यंत जातो. पाऱ्याचा पृष्ठताण पाण्याच्या सहा-सात पट आहे आणि तेवढाच घनफळाचा पारा तापवायला पाण्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता पुरते.

आता मघाचा प्रश्न. पाणी स्वतःची उष्णता खर्चून स्वतःच फुटेल का? नाही. एकाच तापमानाला असलेल्या वस्तूने नुसती आपली उष्णता काढून तिचे पूर्णपणे कामात रूपांतर करावे, याला उष्मागतिकीचा दुसरा नियम मनाई करतो. थेंब फोडायला बाहेरूनच जोर लागतो, मग तो वाऱ्याचा असो, पंपाचा असो किंवा आपटण्याचा. ०.०७२ ज्यूल हे ते बाहेरून करावे लागणारे काम आहे. मग पाणी गार होतच नाही का?

होते, आणि त्याचा हिशेब विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५८ मध्ये मांडला. द्रवाचा पातळ पडदा ताणला तर त्याच्यावर उष्णतेचा काय परिणाम होईल, हा त्यांचा प्रश्न होता. पाणी तापवले की त्याचा पृष्ठताण कमी होतो. एवढ्या एका गोष्टीवरून त्यांनी दाखवले, की पडदा ताणताना बाहेरून काम करावे लागतेच, शिवाय तापमान कायम ठेवायचे तर त्याला बाहेरून उष्णताही पुरवावी लागते. पाण्यासाठी ती दर चौरस मीटरला सुमारे ०.०४६ ज्यूल येते. ही उष्णता बाहेरून मिळाली नाही, तर पाणी ती आपल्यातूनच काढते आणि गार होते. आपल्या थेंबाच्या बाबतीत ही घट ०.०३ अंशांच्या आसपास बसते. म्हणजे पुस्तकातले ०.०५ हे उत्तर आवाक्यात बरोबर आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. परीक्षेच्या गणितात हा फरक सांगितला जात नाही, आणि मला वाटते तो सांगायला हवा.

प्रत्यक्षात हे कितपत जाणवते? द्राक्षबागेत फवारणी चालली असेल, तर हातावर येणारा तुषार चांगलाच गार लागतो. तीन बार दाबाचा पंप एक किलो पाण्यामागे ३०० ज्यूल ऊर्जा देतो. नोझलमधून निघणारे थेंब ५० मायक्रॉन त्रिज्येचे धरले, तर नवा पृष्ठभाग तयार करायला त्यातले चार-साडेचार ज्यूलच लागतात, म्हणजे दीड टक्काही नाही. उरलेली ऊर्जा थेंबांच्या वेगात आणि घर्षणात जाते, आणि शेवटी तिची उष्णताच होते. ती सगळी पाण्यातच राहिली तर पाणी ०.०७ अंशाने तापेल. थेंब फुटल्याने आलेला गारवा या वाढीपुढे नगण्य आहे.

मग तुषार गार लागतो तो कशामुळे? बाष्पीभवनामुळे. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. फवाऱ्यातले शंभरातले एक टक्का पाणी उडाले, तरी उरलेले पाणी जवळपास सहा अंशांनी उतरते. थेंब बारीक झाल्याने पृष्ठभाग वाढतो आणि वाढलेल्या पृष्ठभागावरून पाणी झटपट उडते. थेंब फुटणे गारव्याची वाट मोकळी करते. गारवा आणते ते बाष्पीभवन. म्हणूनच पृष्ठ ऊर्जेमुळे होणारी घट प्रयोगात मोजणे फार अवघड आहे. आपल्या ८०० कोटी थेंबांतले अकरा हजारांत एक भाग पाणी जरी उडाले, तरी ०.०५ अंशाचा गारवा तेवढ्यानेच येतो आणि मूळ परिणाम त्यात बुडून जातो. हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल तरच त्याचा काही माग लागेल.

हेच सूत्र थेंब आणखी आणखी बारीक करत कुठवर नेता येईल? एक नॅनोमीटर त्रिज्येला ते ५२ अंशांची घट सांगते. पण त्या थेंबात उरतात जेमतेम १४० रेणू. त्यातले बरेचसे पृष्ठभागावरच असतात, आणि पोट कुठे संपते, पृष्ठभाग कुठे सुरू होतो, हेच ठरवता येत नाही. तिथे सूत्रावर विसंबता येत नाही. तरीही नियम मोडून शेवटच्या टोकापर्यंत जाऊ आणि एका रेणूएवढा थेंब करू. त्याची त्रिज्या नॅनोमीटरच्या पाचव्या भागाइतकी येते. केल्विन यांची उष्णता धरून हिशेब केला, तर एक किलो पाण्यामागे सुमारे १८ लाख ज्यूल लागतात. पाण्याची वाफ करायला लागणाऱ्या २४ लाखांच्या हा आकडा इतका जवळ येतो, कारण पाण्याचा एकेक रेणू सुटा करणे म्हणजेच त्याची वाफ करणे.