सहाव्या पायरीवरचा फाटा

जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली सिम्प्लेक्स पद्धत मांडली. मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त नफा कसा काढायचा, अशा स्वरूपाची रेषीय प्रोग्रामिंगची गणिते ती सोडवते. पद्धत एका कोपऱ्यावर उभी राहते, तिथून नफा वाढवणारी एक कड निवडते, पुढच्या कोपऱ्यावर जाते आणि वाढ देणारी कड उरली नाही की थांबते. कोपरे मोजकेच असतात. प्रत्येक पायरीला नफा खरोखर वाढत असेल, तर एकाच कोपऱ्यावर पुन्हा येणे शक्य नाही आणि पद्धत कधीतरी संपणारच.

या युक्तिवादातला कच्चा दुवा ‘खरोखर वाढत असेल’ या अटीत आहे. काही कोपऱ्यांवर गरजेपेक्षा जास्त बंधने एकत्र येतात. अशा कोपऱ्याला डीजनरेट म्हणतात. तिथे पायरी टाकली तरी कधी कधी जागा बदलत नाही, नफाही तेवढाच राहतो. बदलते ती फक्त कोपऱ्याचे वर्णन करणाऱ्या चलांची यादी, म्हणजे बेसिस. आणि याद्या बदलत बदलत पहिलीच यादी परत आली, तर पुढचे सगळे तसेच घडणार. यालाच सायकलिंग म्हणतात. ॲलन हॉफमन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि ई. एम. एल. बील यांनी १९५५ साली अशी उदाहरणे रचून दाखवली, तेव्हा हा धोका निव्वळ कल्पनेतला नाही हे सिद्ध झाले.

वाशेक ख्वाताल यांच्या १९८३च्या पाठ्यपुस्तकातले उदाहरण मला या विषयात सर्वात बोलके वाटते, कारण त्यात दुखणे आणि औषध एकाच हिशेबात दिसतात. चारही चल शून्य किंवा अधिक ठेवून z कमाल करायचा आहे:

```
z = 10x1 - 57x2 - 9x3 - 24x4
0.5x1 - 5.5x2 - 2.5x3 + 9x4 <= 0
0.5x1 - 1.5x2 - 0.5x3 +  x4 <= 0
x1 <= 1
```

तीन बंधनांतली शिल्लक दाखवायला x5, x6, x7 हे चल घेऊ. सुरुवातीला बेसिसमध्ये हेच तिघे असतात. पहिल्या दोन बंधनांची उजवी बाजू शून्य असल्याने x5 आणि x6 बेसिसमध्ये असूनही शून्यच आहेत. कोपरा डीजनरेट आहे.

आता डँट्झिग यांचा नेहमीचा नियम लावू: z च्या ओळीत ज्याचा सहगुणक सर्वात मोठा, तो चल आत घ्यायचा. बाहेर जाण्यासाठी दोन चलांत बरोबरी झाली, तर लहान क्रमांकाचा बाहेर काढायचा. पहिल्या पायरीला x1 आत येतो. x5 आणि x6 बरोबरीत असतात, x5 जातो. मग x2 येतो, x6 जातो. x3 येतो, x1 जातो. x4 येतो, x2 जातो. x5 येतो, x3 जातो. पाच पायऱ्या झाल्या, पण z अजून शून्यावरच आहे. यावेळी z ची ओळ अशी दिसते:

```
z = 24x6 + 22x1 - 93x2 - 21x3
```

वाढ देऊ शकणारे चल दोन आहेत, x6 आणि x1. चोवीस हा बावीसपेक्षा मोठा, म्हणून नियम x6 ला आत घेतो आणि x4 बाहेर जातो. बेसिसमध्ये उरतात x5, x6 आणि x7. सुरुवातीचीच मांडणी अंकाअंकाने परत आली. हेच चक्र कितीही वेळा फिरवले तरी z शून्यच राहील.

रॉबर्ट ब्लँड यांनी १९७७ साली ‘मॅथेमॅटिक्स ऑफ ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात सुचवलेला नियम एका वाक्यात सांगता येतो: वाढ देऊ शकणाऱ्या चलांपैकी सर्वात लहान क्रमांकाचा आत घ्या, आणि बाहेर जाण्यात बरोबरी झाली तर तिथेही लहान क्रमांकाचाच काढा. वरच्या पहिल्या पाच पायऱ्या हा नियम जशाच्या तशा टाकतो. फाटा फुटतो तो सहाव्या पायरीवर. इथे तो चोवीस-बावीसची तुलना करत नाही. एक हा सहापेक्षा लहान, म्हणून x1 आत येतो आणि x4 बाहेर जातो. z ची ओळ बदलते:

```
z = x3 - 27x2 - 44x4 - 20x6
```

आता एकच उमेदवार उरला, x3. त्याला अडवणारा चल फक्त x7, आणि त्याचे मूल्य शून्य नसून एक आहे. त्यामुळे सातव्या पायरीला पहिल्यांदा जागा खरोखर बदलते. x1 = 1, x3 = 1 आणि z = 1. ओळीतले उरलेले सगळे सहगुणक ऋण होतात आणि उत्तर हाती येते.

या उदाहरणातली एक गोष्ट निसटू देऊ नये. चक्रात अडकलेल्या पहिल्या प्रयत्नातही बाहेर जाणारा चल लहान क्रमांकानेच निवडला होता. तरीही चक्र फिरले. अर्धा नियम पुरत नाही. शिस्त दोन्ही दारांवर हवी.

ती दोन्हीकडे का लागते, हे ब्लँड यांच्या सिद्धतेत कळते. समजा, नियम पाळूनही चक्र फिरले. चक्रात काही चल आत-बाहेर करत राहतात. त्यांना चंचल म्हणू. त्या सर्वांची मूल्ये पूर्ण चक्रभर शून्य असतात. त्यांतला सर्वात मोठ्या क्रमांकाचा चल t घ्या. एका मांडणीत t बाहेर जातो आणि s आत येतो. दुसऱ्या एका मांडणीत t स्वतः आत येतो. या दुसऱ्या मांडणीत नियमाने t ला निवडले, म्हणजे त्याच्याहून लहान क्रमांकाच्या एकाही चंचल चलाचा सहगुणक धन नव्हता. दोन्ही मांडण्या एकाच समीकरणसंचाची रूपे असल्याने z च्या दोन्ही ओळी जुळल्याच पाहिजेत. पहिल्या मांडणीत s वाढवला तर z वाढू पाहतो; दुसऱ्या मांडणीच्या ओळीतून तीच वाढ मिळायची, तर t पेक्षा लहान क्रमांकाचा असा एक चंचल चल r असावाच लागतो, ज्याचा तिथला सहगुणक ऋण आहे आणि s वाढताच जो पहिल्या मांडणीत घटतो. पण r चे मूल्य शून्य आहे, म्हणजे t सोबत तोही बाहेर जाण्यास पात्र होता, आणि क्रमांकाने लहान होता. नियमाने त्यालाच काढायला हवे होते. विसंगती आली, म्हणजे चक्र अशक्य. आत येण्याची शिस्त युक्तिवादाच्या मध्यात वापरली गेली, बाहेर जाण्याची शेवटी. एक जरी काढली तरी सिद्धता कोसळते.

याआधीही उपाय होते. अब्राहम चार्न्स यांनी १९५२ साली उजव्या बाजूंना अतिसूक्ष्म धक्का देऊन बरोबरीच होऊ न देण्याची युक्ती मांडली, आणि १९५५ साली डँट्झिग, ऑर्डन व वुल्फ यांनी शब्दकोशातल्या क्रमासारखी तुलना करून बरोबरी सोडवली. ब्लँड यांचा नियम वेगळा ठरतो तो साधेपणामुळे: त्याला क्रमांकांशिवाय काहीच साठवावे लागत नाही.

त्याची किंमतही स्पष्ट आहे. मोठ्या वाढीकडे पाठ फिरवल्याने पायऱ्या सहसा जास्त लागतात, आणि या नियमालाही घातांकी संख्येने पायऱ्या टाकायला लावणारी उदाहरणे ज्ञात आहेत. नियम शेवटाची हमी देतो, वेगाची नाही. शिवाय डीजनरेट कोपरे दुर्मीळ नाहीत. दहा माणसांना दहा कामे वाटण्याच्या गणितात बेसिसमध्ये १९ चल असतात, त्यांतले दहा एक आणि नऊ शून्य. अशा गणितात z बराच काळ हलला नाही, म्हणून ते चक्र असेलच असे नाही. बहुधा ती नुसती रखडपट्टी असते. खरे चक्र ओळखायचे तर बेसिस नोंदवून तीच यादी परत आली का हे पाहावे लागते. संगणकावर दशांश अंकांची काटछाट होत असल्याने शून्य नेमके शून्यही राहत नाही, म्हणून मोठे सॉल्व्हर मुख्यतः वेगवान निवड आणि सूक्ष्म धक्के यांवर भर देतात.

म्हणून मला व्यवहारात मधला मार्ग पटतो: z वाढत असेतोवर मोठ्या सहगुणकामागे जावे, पुष्कळ पायऱ्या तो हलला नाही तर ब्लँड यांच्या नियमावर यावे, आणि जागा बदलली की परत फिरावे. अचूक अपूर्णांकांत हिशेब होत असेल, तर ही जोडणी संपणारच. कारण नफा वाढवणाऱ्या पायऱ्या मोजक्याच असतात, आणि दोन वाढींमधल्या प्रत्येक रखडपट्टीला शेवट असतो, याची जबाबदारी १९७७च्या त्या सिद्धतेने घेतली आहे.