गोल चेहरा, चौकोनी फ्रेम?

चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभं राहिलं की ‘माझा चेहरा गोल आहे, चौकोनी फ्रेम दाखवा’ हे रोज ऐकू येतं. नियम अगदीच खोटा नाही. गोलाईवर सरळ कडा उठून दिसतात. पण गोल, चौकोनी, लांबट ही नावं चेहऱ्याच्या फक्त बाहेरच्या रेषेची. फ्रेम बसते नाकावर, भुवयांच्या खाली. नाक किती उंच, दोन बुबुळांत अंतर किती, हे त्या नावांतून कळत नाही. शिवाय बहुतेक चेहरे दोन प्रकारांच्या मधलेच असतात, आणि केस मागे घट्ट बांधले की गोल वाटलेला चेहरा लांबट दिसू लागतो.

एक ताई आल्या होत्या, नंबर उणे सहा. याच नियमाने त्यांनी मोठी चौकोनी फ्रेम उचलली. काडीच्या आतल्या बाजूला आकडे होते ५४ आणि १८, म्हणजे काच ५४ मिलिमीटर रुंद आणि दोन काचांत १८ मिलिमीटर अंतर. बेरीज ७२. त्यांच्या बुबुळांतलं अंतर भरलं ६०. प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ६ मिलिमीटर नाकाकडे येत होता, त्यामुळे डोळे एकमेकांच्या जवळ वाटत होते. उणे नंबरची काच कडेला जाड असते. इतक्या मोठ्या फ्रेममध्ये कानाकडची कड आणखी जाड झाली असती.

आरशात यातलं काहीच त्यांना दिसत नव्हतं. फ्रेममधल्या नमुन्याच्या काचेला नंबर नसतो आणि स्वतःचा चष्मा काढलेला, मग समोरचा चेहरा धूसरच. म्हणून मी ही आणि आणखी एक फ्रेम लावून त्यांचे फोटो काढले. सेल्फी नाही, कारण हातभर अंतरावरून नाक मोठं येतं आणि कान मागे जातात. पाचेक फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने, डोळ्यांच्या उंचीवर धरून, एक समोरून, एक थोडं वळून, एक हसताना. हसल्यावर गाल फ्रेमला वर ढकलतात का, ते तिसऱ्यात कळतं. मग त्यांनी जुना चष्मा लावून दोन फ्रेमचे फोटो शेजारी शेजारी पाहिले.

फोटोची तुलना फोटोशीच करावी. आरशातली आपली ओळख उलटी असते. फोटोत जराशी वर असलेली भुवई बाजू बदलते आणि स्वतःचाच चेहरा परका वाटतो. त्याचा दोष फ्रेमवर जायला नको. आरसा लागतो तो दुसऱ्या कामाला: मान खाली घालून फ्रेम घसरते का, भुवया वरच्या कडेमागे पूर्ण दडतात का, ते पाहायला.

ताईंनी शेवटी ४७ आणि १९ची, कोपरे मऊ असलेली फ्रेम घेतली. डोळा मध्यापासून ३ मिलिमीटरच सरकला. नंबरच्या काचेमागे डोळे थोडे लहान दिसणार, ते फोटोतही आधी कळत नाही. त्यासाठी त्यांना सध्याचा चष्मा लावलेला फोटो शेजारी ठेवायला सांगितला.