शिंपीकामाच्या दुकानाची वेबसाइट: आधी मेनू, मग रंग

डोंबिवलीतल्या एखाद्या लेडीज टेलरचं दुकान घेऊ. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको आणि ऑल्टरेशन एवढीच कामं. वेबसाइट करायची म्हटली की ‘होम, आमच्याविषयी, आमच्या सेवा, गॅलरी, संपर्क’ असा तयार साचा समोर येतो. त्यात गिऱ्हाइकाच्या कामाचं सगळं ‘आमच्या सेवा’ या एकाच शब्दाआड दडतं. साडीला फॉल लावून हवा असलेल्या बाईला तो शब्द काहीच सांगत नाही.

त्यापेक्षा आठवडाभर काउंटरवर आणि फोनवर येणारे प्रश्न जसेच्या तसे चिठ्ठ्यांवर लिहावेत. ‘अस्तराच्या ब्लाउजचे किती?’, ‘मापाचा ब्लाउज आणायचा का?’, ‘पॅन्टची कंबर सैल करून मिळेल का?’, ‘रविवारी चालू असता का?’ मग दोन-तीन नेहमीच्या बायकांना त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायला सांगावं आणि गठ्ठ्याला नावही त्यांनाच द्यायला लावावं. ते नाव म्हणजेच मेनूतला शब्द.

आपल्या दुकानापुरता मेनू मग साधारण असा होतो: ब्लाउज, ड्रेस, ऑल्टरेशन व फॉल-पिको, दर, पत्ता व वेळ. मोबाइलवर तो तीन रेघांच्या बटणामागे लपतो, म्हणून फोन आणि व्हॉट्सॲपची बटणं मेनूत न ठेवता स्क्रीनच्या तळाशी कायम दिसू द्यावीत. गॅलरीचं वेगळं पान मला पटत नाही. कटोरी ब्लाउजचा फोटो ब्लाउजच्याच पानावर हवा, कारण तो पाहता पाहताच ‘असाच शिवून द्याल का?’ हा प्रश्न मनात येतो. कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडेड यांची वेगवेगळी पानं सुरुवातीला करू नयेत. दोन ओळी आणि एका फोटोसाठी पान उघडायला लावलं, तर माणूस वैतागून मागे फिरतो.

दर मात्र एकाच पानावर लिहावेत आणि बाकीच्या पानांवरून तिथे लिंक द्यावी. चार ठिकाणी लिहिले की दिवाळीआधी शिलाई वाढते तेव्हा तीन ठिकाणी बदलतात, चौथीकडे जुनाच आकडा राहतो आणि काउंटरवर वाद होतो. ‘दिवाळीच्या ऑर्डरी बंद’ अशी सूचना पहिल्या पानावर वरच्या पट्टीत टाकावी. तिच्यासाठी मेनूला हात लावू नये. नेहमीच्या गिऱ्हाइकाला कुठलं बटण कुठे आहे ते सवयीने ठाऊक झालेलं असतं.

रंग आणि फोटो ठरवण्याआधी हा मेनू कागदावर लिहून शेजारच्या काकूंपुढे धरा. ‘नव्या साडीला फॉल लावायचाय, कुठे दाबाल?’ एवढंच विचारा, सुचवू काही नका. त्यांचं बोट बहुधा ‘ब्लाउज’वर जाईल, कारण साडी आणली की फॉल आणि ब्लाउज ही कामं जोडीनेच निघतात. अशा वेळी त्यांना समजावत बसू नका. फॉल-पिकोचं पान आहे तिथेच ठेवा आणि ब्लाउजच्या पानावर, अगदी वरती, त्याची लिंक द्या.